मुलीचे कंपनीला पत्र : स्थापनेचा इतिहास आणि उत्पादनांची यादी कशी मागावी?

अनघा_मिरज
नमस्कार मंडळी. मुलगी अकरावी कॉमर्सला आहे. ओसीच्या, म्हणजे वाणिज्य संघटन विषयाच्या, प्रकल्पासाठी बाईंनी प्रत्येकाला एकेक कंपनी दिली आहे. आपल्या जिल्ह्यातली म्हणून हिच्या वाट्याला किर्लोस्कर आली. कंपनीच्या कॉर्पोरेट कम्युनिकेशन्स विभागाला पत्र लिहायचे, स्थापनेचा इतिहास आणि उत्पादनांची यादी मागवायची आणि आलेले उत्तर वहीत लावायचे, असे काम आहे. पत्रालाही गुण आहेत, उत्तरालाही.

तिने लिहिलेला मसुदा असा :

"मा. महोदय, मी इयत्ता अकरावीत शिकत आहे. मला किर्लोस्कर कंपनीवर प्रकल्प करावयाचा आहे. तरी कृपया आपल्या कंपनीच्या स्थापनेचा संपूर्ण इतिहास, संस्थापकांची माहिती, सर्व उत्पादनांची यादी व दरवर्षीच्या उत्पादनाचे आकडे पाठवावेत ही नम्र विनंती. कळावे, आपली विश्वासू."

मोठ्या मुलाने तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीला असेच पत्र पाठवले होते. शेवटपर्यंत उत्तर आले नाही. पोरगा रोज पोस्टमनची वाट बघायचा. हिचे तसे होऊ नये म्हणून विचारते. पत्रात काय बदलावे?

स्वाती प.
अनघाताई, माझ्या भाच्यालाही पुण्यात इंटर्नशिप हवी होती. त्याने पत्राबरोबर बायोडेटा आणि कॉलेजच्या प्लेसमेंट विभागाचे शिफारसपत्र जोडले होते. तुमच्या मुलीनेही ते जोडावे. एचआरला पाठवलेले बरे.

अनघा_मिरज
स्वातीताई, इंटर्नशिप नाही हो, फक्त माहिती हवी आहे. ती सोळा वर्षांची आहे.

ठाणेकर
विनंती कसली करता, माहिती अधिकारात अर्ज टाका. दहा रुपये फी भरायची, तीस दिवसांत उत्तर द्यावेच लागते. कंपनीची सगळी कागदपत्रे रजिस्ट्रार ऑफ कंपनीजकडे असतात आणि ते सरकारी कार्यालय आहे. टाळाटाळ करता येत नाही.

विनायक_६२
ठाणेकर, निम्मे बरोबर आहे. रजिस्ट्रारचे कार्यालय माहिती अधिकारात येते, खाजगी कंपनी येत नाही. पण कंपनीचे कागद कोणीही पैसे भरून पाहू शकतो अशी सोय कंपनी कायद्यातच असल्यामुळे रजिस्ट्रार तुमचा अर्ज बहुतेक वेळा त्या वाटेकडेच वळवतो. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर एका कंपनीचे कागद उघडायला शंभर रुपये पडतात. कंपनीचे नाव, नोंदणीचे साल, पत्ता एवढे तर फुकटच दिसते. अकरावीच्या मुलीला त्या शंभर रुपयांचीही गरज नाही.

(मी बत्तीस वर्षे एका लिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या, कंपनीच्या सेक्रेटेरियल विभागात काढली, म्हणून बोलतो.)

जुना_पीआरवाला
अनघाताई, मी पुण्यात एका मोठ्या कारखान्याच्या कम्युनिकेशन्स खात्यात अठरा वर्षे होतो. किर्लोस्कर नव्हे, दुसरीकडे. अशी पत्रे माझ्याच टेबलावर यायची. तेव्हा टेबलाच्या पलीकडून काय दिसते ते सांगतो.

जून-जुलैत आणि दिवाळीनंतर विद्यार्थ्यांची पत्रे गठ्ठ्याने येतात. एकदा एकाच शाळेची एकवीस पत्रे आली. अक्षर वेगवेगळे, मजकूर शब्द न् शब्द एक. "संपूर्ण इतिहास" आणि "सर्व उत्पादने" या दोन शब्दांपाशी माझा हात थांबायचा. संपूर्ण इतिहास म्हणजे मी नेमके काय पाठवू? चाळीस पानांचे स्मरणिकेचे पुस्तक? त्याच्या प्रती संपलेल्या असायच्या. सर्व उत्पादने म्हणजे? आमच्या कॅटलॉगमध्ये मापे आणि मॉडेले धरून हजारो नोंदी होत्या. मग एक छापील पत्रक पाकिटात घालायचे, नाहीतर पत्र बाजूला ठेवायचे. बाजूला ठेवलेले पत्र परत वर येत नाही. तुमच्या मुलाच्या पत्राचे तेच झाले असणार. त्यात त्याची चूक काही नव्हती, त्याला कोणी हे सांगितलेच नव्हते.

आणि वर्षाच्या उत्पादनाचे आकडे मागितले की पत्र माझ्या हातातून जायचे. लिस्टेड कंपनीत जाहीर न झालेला आकडा कुणालाही सांगता येत नाही, विद्यार्थ्यालाही नाही. ते पत्र मग सेक्रेटेरियलकडे, तिथून लीगलकडे. एका वाक्यापायी आख्खे पत्र अडकते. ते वाक्य आधी काढा.

विनायक_६२
दुजोरा. शिवाय वेळ बघा. तिमाही संपली की निकाल जाहीर होऊन अठ्ठेचाळीस तास होईपर्यंत कंपनीची आतली माहिती असलेल्या लोकांना शेअर्सची खरेदी-विक्री बंद असते. त्या काळात आकड्यांबाबत सगळेच हात आखडता घेतात आणि कम्युनिकेशन्सवाले निकालाच्या कामात बुडालेले असतात. एप्रिल-मे, जुलैचा शेवट, ऑक्टोबरचा शेवट, जानेवारीचा शेवट हे दिवस टाळलेले बरे.

आता मुख्य गोष्ट. पत्र कुणाला लिहायचे आहे? "किर्लोस्कर कंपनी" नावाची एक कंपनी नाही. किर्लोस्कर ब्रदर्स वेगळी, किर्लोस्कर ऑइल इंजिन्स वेगळी, किर्लोस्कर न्यूमॅटिक वेगळी, फेरस वेगळी, आणि बंगळूरची किर्लोस्कर इलेक्ट्रिक आणखी वेगळी. प्रत्येकीचे संचालक मंडळ, शेअर्स, वार्षिक अहवाल स्वतंत्र. चुकीच्या दारात पत्र गेले तर ते योग्य दारात पोचवायला कोणी बांधील नाही.

अनघा_मिरज
हे माहीतच नव्हते. आम्हाला वाडीचा कारखाना डोळ्यांसमोर होता. म्हणजे कोणती?

विनायक_६२
किर्लोस्करवाडीचा पंपांचा कारखाना म्हणजे किर्लोस्कर ब्रदर्स. मुख्य कार्यालय पुण्यात बाणेरला, "यमुना" इमारतीत. जुन्या पुस्तकांत टिळक रस्त्यावरच्या उद्योग भवनाचा पत्ता सापडेल, तो वापरू नका.

तिला एक करायला सांगा. कंपनीच्या संकेतस्थळावर अगदी तळाशी किंवा वार्षिक अहवालाच्या पहिल्या पानांत कंपनीचा ओळख क्रमांक असतो. ब्रदर्सचा असा आहे :

```
L29113PN1920PLC000670
```

पहिला L म्हणजे शेअर बाजारात नोंदलेली. पुढचे पाच आकडे उद्योगाचा प्रकार, मग नोंदणीचे ठिकाण, मग 1920 हे कंपनी म्हणून नोंदणी झाल्याचे साल. PLC म्हणजे पब्लिक लिमिटेड आणि शेवटचे सहा आकडे रजिस्टरमधला क्रमांक. स्थापनेच्या सालासाठी पत्र लिहायची गरजच नाही.

ठाणेकर
मग झाले की काम. स्थापना १९२०. प्रकल्पात लिहून टाका.

विनायक_६२
नाही, इथेच मुले चुकतात. ते साल त्या कायदेशीर देहाच्या जन्माचे, धंद्याच्या जन्माचे नव्हे. शेजारचेच उदाहरण घ्या. किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा इंजिनांचा धंदा १९४६ पासूनचा, पण आजच्या कंपनीच्या क्रमांकात साल आहे 2009, कारण तेव्हा नवी कंपनी काढून मग इंजिनांचा धंदा तिच्याकडे वळवला. नुसता क्रमांक वाचून कोणी लिहिले की ही कंपनी २००९ ची, तर पुण्यात खडकीला ज्यांनी आयुष्य काढले ते काय म्हणतील!

ब्रदर्सच्या बाबतीत उलट बाजूने तोच प्रश्न आहे. कंपनी स्वतः सांगते १८८८, नोंदणी आहे १९२०. मध्ये बत्तीस वर्षे आहेत. संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म २० जून १८६९ चा. म्हणजे १८८८ ला ते एकोणीस वर्षांचे.

जुना_पीआरवाला
विनायकराव, हाच तो प्रश्न! अनघाताई, मुलीला सांगा, जे बाहेर सापडते ते बाहेरूनच घ्यायचे. कंपनीला फक्त तेच विचारायचे जे कंपनीच्या कपाटातच आहे. पत्र छोटे होते आणि वाचणाऱ्याला उठून कपाट उघडावेसे वाटते.

मला आजही आठवणारे एक पत्र सांगतो. कोल्हापूरकडच्या एका नववीतल्या मुलाने आजोबांच्या ट्रंकेत सापडलेल्या पत्र्याच्या पाटीचा फोटो जोडला होता. गंज चढलेली, वीतभर लांब, चार कोपऱ्यांना रिव्हेटची भोके. आमचे नाव वाचता येत होते, खाली एक अनुक्रमांक आणि पुसट अक्षरे. त्याने एवढेच विचारले होते, "ही पाटी कोणत्या यंत्राची आणि ते यंत्र तुम्ही कधीपर्यंत बनवत होता?" मी ते पत्र घेऊन स्टोअर्समधल्या जुन्या माणसाकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसला, पाटीच्या भोकांमधले अंतर बघूनच मॉडेल सांगितले. दोन दिवस आम्ही जुनी रजिस्टरे काढून बसलो होतो. त्या मुलाला तीन पानी उत्तर गेले. एकवीस पत्रांना पत्रक गेले होते.

पलूसचा_पाहुणा
माझे आजोबा वाडीला फाउंड्रीत मोल्डर होते. नांगराचे फाळ ओतायचे. घरी अजून त्यांचा बिल्ला आहे. ते सांगायचे की सुरुवातीला शेतकरी लोखंडी नांगर घ्यायला तयार नव्हते, लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते म्हणायचे. अनघाताई, सरळ मुलीला घेऊन वाडीला या, गेटवरच विचारा. पत्राची काय गरज?

अनघा_मिरज
दादा, यायला आवडेल. पण पत्राचेच गुण आहेत. आणि बाईंनी सांगितले आहे की कारखान्यात परवानगीशिवाय जायचे नाही.

किरण_डेट्रॉइट
बेळगावचा आहे म्हणून लिहितो. ही गोष्ट आमच्याकडची आहे, हे विसरू नका. लक्ष्मणरावांनी सायकलचे दुकान काढले ते बेळगावात, थोरले बंधू रामुअण्णांबरोबर. त्याआधी मुंबईला जे. जे. मध्ये चित्रकला शिकले, रंग नीट ओळखता येत नव्हते म्हणून यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले, व्हीजेटीआयमध्ये शिकवले. कडबा कापायचे यंत्र आणि नांगर हेही बेळगावातच सुरू झाले. नगरपालिकेला वसाहतीसाठी जागा हवी झाली, कारखाना हलवावा लागला, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ माळरान दिले. १९१० ची गोष्ट. त्या माळावर निवडुंगाशिवाय काही नव्हते.

विनायक_६२
किरण, उत्तम. म्हणजे बघा, एकाच "स्थापने"ची चार साले झाली : बेळगावचे दुकान, पहिला नांगर, वाडीचा कारखाना, कंपनीची नोंदणी. मुलीने ही चार साले एका पानावर मांडून प्रत्येकापुढे "हे कुठून कळले" एवढे लिहिले तरी प्रकल्पाचा कणा उभा राहतो. मग पत्रात विचारायचे की १८८८ साठी कंपनीकडे कोणता कागद आहे : दुकानाचा परवाना, जाहिरात, बिल, की कौटुंबिक आठवण.

पण एक सावधगिरी. २०२१ मध्ये या १३० वर्षांच्या वारशावरून समूहातल्या कंपन्यांमध्ये उघड वाद झाला होता, प्रकरण शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीकडे तक्रार जाण्यापर्यंत पोचले. एका बाजूने म्हटले, वारसा आमचा बळकावला जातोय. दुसऱ्या बाजूने ते नाकारले. त्यामुळे १८८८ हा आकडा तिथे साधा नाही. माझ्या मते शाळकरी पत्रात तो प्रश्न घालूच नये. पुन्हा पत्र लीगलकडे जाईल.

जुना_पीआरवाला
इथे माझे मत वेगळे आहे. "वारसा कोणाचा" असे विचारले तर जाईल. "त्या दुकानाचा एखादा फोटो किंवा कागद संग्रहात आहे का" असे विचारले तर तो संग्रहाचा प्रश्न होतो. माझ्या अनुभवात अशा प्रश्नाला कम्युनिकेशन्सवालाच उत्तर देतो.

विनायक_६२
तुम्ही टेबलाच्या त्या बाजूला होता, मी फाइल सही होऊन येण्याच्या बाजूला. मी अजूनही विचारणार नाही. मुलीने ठरवावे.

स्वाती प.
आता समजले मला. मग उत्पादनांच्या यादीचे काय? ती तर कंपनीकडेच मागावी लागेल ना?

विनायक_६२
नाही. मोठ्या लिस्टेड कंपन्यांच्या वार्षिक अहवालात जबाबदारी आणि शाश्वततेचा एक वेगळा भाग असतो, इंग्रजीत BRSR. त्याच्या पहिल्याच विभागात एक तक्ता असतो : उलाढालीचा नव्वद टक्के भाग ज्या उत्पादनांतून येतो ती उत्पादने, त्यांचा उद्योग क्रमांक म्हणजे NIC Code आणि उलाढालीतला वाटा. अहवालाची पीडीएफ उघडून `NIC Code` शोधले की थेट तिथे पोचता. पंप, व्हॉल्व्ह असे ढोबळ गट मिळतात आणि मुख्य म्हणजे ही यादी कंपनीने जबाबदारीने जाहीर केलेली असते. कॅटलॉगमधून उतरवून घेतलेल्या दीडशे मॉडेलांच्या नावांपेक्षा तो तक्ता बोलका.

जुना_पीआरवाला
आणि आजची यादी मिळाली की मग खरा प्रश्न दिसतो. आजच्या यादीत नांगर नाही. ज्या वस्तूने कंपनी उभी राहिली ती यादीतून कधी गेली? हे बाहेर चटकन सापडत नाही, कारण सुरुवात सगळे साजरी करतात, बंद केलेल्या मालाची कोणी तारीख मिरवत नाही. पण कारखान्याच्या रजिस्टरमध्ये शेवटची ऑर्डर असते.

जुन्या यादीसाठी आणखी एक जागा. शंकरराव किर्लोस्करांनी १९२० मध्ये वाडीहून "किर्लोस्कर खबर" सुरू केले. पुढे ते "किर्लोस्कर" मासिक म्हणून घराघरांत गेले, पण सुरुवातीला ते कारखान्याची आणि मालाची बातमी ग्राहकांपर्यंत नेणारेच पत्रक होते. आज ज्या विभागाला ती पत्र लिहिते आहे त्याचे काम शंकरराव तेव्हा करत होते. जुन्या ग्रंथालयांत मासिकाचे बांधीव खंड असतात. सांगली-मिरजेच्या जुन्या वाचनालयात विचारा. जाहिरातींची पाने वाचायची, लेख नंतर.

अनघा_मिरज
काल संध्याकाळी दोघी बसलो. क्रमांक तिने स्वतः शोधला, अहवालातला तक्ताही सापडला. चार सालांचे पान केले. १८८८ वरून तिचा आणि तिच्या बाबांचा बराच वेळ वाद झाला. शेवटी तिने तो प्रश्न ठेवला, पण पीआरवाल्या काकांच्या शब्दांत. नवे पत्र :

"प्रति, कॉर्पोरेट कम्युनिकेशन्स विभाग, किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड, बाणेर, पुणे.

विषय : अकरावीच्या प्रकल्पासाठी तीन प्रश्न.

महोदय / महोदया, मी मिरज येथे अकरावी वाणिज्य शाखेत शिकते. किर्लोस्कर ब्रदर्सवरील प्रकल्पासाठी मी आपला वार्षिक अहवाल वाचला आहे. कंपनीची नोंदणी १९२० ची, किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० चा आणि आजची मुख्य उत्पादने ही माहिती मला मिळाली आहे. मी तयार केलेले एक पान सोबत जोडले आहे. त्यात चूक असल्यास कृपया खूण करावी. पुढील तीन गोष्टी मला बाहेर सापडल्या नाहीत :

१. बेळगावच्या सायकलच्या दुकानाचा फोटो, जाहिरात किंवा बिल आपल्या संग्रहात आहे का?
२. किर्लोस्करवाडीत लोखंडी नांगर बनवणे कोणत्या साली थांबले आणि का?
३. जुन्या कारखान्याचा एक फोटो, आपले नाव देऊन, मला प्रकल्पात वापरता येईल का? प्रकल्प फक्त महाविद्यालयात सादर होईल.

प्रकल्प सादर करण्यास सहा आठवडे आहेत. यांपैकी एकाच प्रश्नाचे उत्तर मिळाले तरी चालेल. उत्तर महाविद्यालयाच्या पत्त्यावर किंवा ईमेलवर पाठवावे. प्राचार्यांची सही व शिक्का सोबत आहे."

जुना_पीआरवाला
चुकीला खूण करायला सांगितले हे फार चांगले केले. माणूस कोऱ्या कागदावर लिहायला बसत नाही, पण समोरची चूक दुरुस्त केल्याशिवाय त्याला राहवत नाही. "एकाच प्रश्नाचे उत्तर चालेल" हेही ठेवा. घरचा पत्ता, फोन दिला नाही ते योग्यच. एकच सुचवतो : तिसरा प्रश्न पहिला करा. तो सर्वात सोपा आहे, आणि परवानगी द्यायची असेल तर त्याच टेबलावर देता येते.

विनायक_६२
कागदी पत्र आणि त्याच मजकुराचा ईमेल, दोन्ही पाठवा. ईमेलला पान पीडीएफ करून जोडा. तीन आठवड्यांनी एकदा आठवण करा, तारीख आणि विषय देऊन. नवे पत्र लिहू नका.

ठाणेकर
माहिती अधिकाराचे माझे चुकले. पण प्रश्न उरतोच : उत्तर आलेच नाही तर मुलीचे गुण जाणार?

अनघा_मिरज
ते बाईंना विचारले. म्हणाल्या, पाठवल्याची पावती आणि ते पान लावले तर पत्राचे गुण पूर्ण देईन, उत्तराच्या गुणांचे बघू. यावर अजून ठोस काही नाही. फोटोचा प्रश्न वर घेतला. आज दुपारी स्पीड पोस्टाने पत्र गेले. पावती तिने वहीत आधीच चिकटवली.

पलूसचा_पाहुणा
आमच्या काकांना फोन केला. तेही वाडीत होते. नांगर कधी बंद झाला विचारले तर म्हणाले, ते शाळेत असताना नांगर होता आणि कामाला लागले तेव्हा पंपच होते. साल नाही सांगता आले. मधल्या काळातले कोणी ओळखीत उरले आहे का ते बघतो. आजोबांच्या बिल्ल्याचा फोटो हवा असेल तर ताई, पाठवतो.